स्कॅन स्टेटमेंटमधले चुकीचे आकडे: शिल्लकच पकडून देते

आमच्या सोसायटीची जुनी बँक स्टेटमेंटं टेसरॅक्टमधून एक्सेलमध्ये आणण्याचं काम सुरू आहे. अक्षरं वाचून घेणं आता जमलंय. पानाची ३०० डीपीआयवर करड्या रंगात प्रतिमा काढतो आणि टीएसव्ही मागतो. त्यात प्रत्येक शब्दाची पानावरची जागा मिळते, तिच्यावरून तारीख, तपशील, खर्च, जमा आणि शिल्लक हे रकाने पाडता येतात.

```
pdftoppm -r 300 -gray -png st.pdf p
tesseract p-01.png p-01 --psm 6 tsv
```

खरी डोकेदुखी ३ आणि ८ ची. टेसरॅक्ट प्रत्येक शब्दासोबत खात्रीचा आकडा देतो, पण पुसट ८ ला तो बिनधास्त ३ म्हणतो आणि खात्रीही भरपूर दाखवतो. म्हणून त्याच्यावर विसंबणं सोडलं. स्टेटमेंटमध्ये प्रत्येक ओळीला शिल्लक छापलेली असतेच, तिच्याशीच ताळा घ्यायचा. खर्च C मध्ये, जमा D मध्ये, शिल्लक E मध्ये असेल तर F3 मध्ये:

```
=ROUND(E3-(E2-C3+D3),2)
```

ROUND नसेल तर दशांशांच्या बारीक कचऱ्यामुळे बरोबर ओळीही शून्य दाखवत नाहीत. कुठे 1 च्या जागी l आला असेल, तर #VALUE! येतं. ते उलट सोयीचंच.

एक ओळ बघा. मागची शिल्लक 48,312.50, खर्च 1,350.00, नवी शिल्लक 46,462.50. हिशोबाने 46,962.50 यायला हवी, म्हणजे फरक -500. शतकाच्या घरात ५ चा फरक, आणि तिथे वाचलाय ३. स्कॅन मोठा करून पाहिला, तर 1,850.00.

फरक एकाच ओळीत दिसला तर गडबड जमा-खर्चाच्या रकमेत. शिल्लकच चुकीची वाचली गेली, तर लागोपाठच्या दोन ओळी बिघडतात आणि फरक उलट चिन्हांचे येतात. त्याच ओळीत 46,462.50 ऐवजी 46,402.50 वाचलं असतं, तर फरक आधी -60, पुढच्या ओळीत +60. फरक रकमेच्या बरोबर दुप्पट आला तर आकडा ठीक, पण रकाना चुकलाय: खर्च जमेत जाऊन बसलाय. मधली अख्खी ओळ गळाली असेल, तर फरक त्या व्यवहाराएवढाच येतो. अशा वेळी आकडे घासत बसू नका, आधी पानावरच्या ओळी मोजा.

सापडलेला आकडा मी सूत्राने परस्पर दुरुस्त करत नाही, स्कॅन बघूनच बदलतो. रक्कम आणि शिल्लक दोन्ही सारख्याच फरकाने चुकली तर त्या ओळीत शून्यच दिसेल. तेव्हा पुढची ओळ बोंब मारते, पण पानाच्या शेवटच्या ओळीला पुढची ओळ नसते. त्यामुळे पुढच्या पानाची आरंभीची शिल्लक तिथे जोडून घेतो.

चेक क्रमांकांना मात्र असा ताळाच नाही. ते अजून डोळ्यांनीच तपासतोय. तारखांसाठी निदान मागच्या ओळीपेक्षा आधीची तारीख लाल करायचा नियम लावलाय.