काचेला चिकटलेला फोटो आणि स्वेटरचा रंग

ईमेल जेमतेम सात-आठ ओळींचा होता. आई जाऊन काही महिने झाले, तिचा तरुणपणीचा हा एकच फोटो घरात उरला आहे, भिंतीतल्या ओलीने तो फ्रेममध्येच खराब झाला आहे, तो दुरुस्त करून रंगीत करून मिळेल का, असे त्या गृहस्थांनी विचारले होते. सोबत मोबाइलने काढलेली प्रतिमा होती आणि तिच्यात आईच्या चेहऱ्यापेक्षा काचेत उमटलेला त्यांचा स्वतःचा हातच अधिक ठळक दिसत होता. मला धास्ती वाटली ती शेवटच्या ओळीची: ‘फोटो काचेला चिकटला आहे. आज रात्री सोडवून उद्या स्कॅन पाठवतो.’

मी उत्तर लिहीत बसले नाही, सरळ फोन केला. जुन्या कृष्णधवल प्रिंटमधली प्रतिमा कागदावरच्या जिलेटिनच्या पातळ थरात, चांदीच्या सूक्ष्म कणांच्या रूपात असते. ओल शोषून हा थर मऊ होतो आणि काचेला टेकलेला असेल तर वाळताना तिलाच धरून बसतो. अशी प्रिंट ओढली की कागद हातात येतो आणि चेहरा काचेवर राहतो. भिजवल्यावर ती कधी कधी सुटते, हे खरे. पण बुरशीने पोखरलेले जिलेटिन पाण्यात विरघळूही शकते. फोटो आहे तसा, फ्रेमसकट आणून द्या, एवढेच मी त्यांना सांगितले.

काचेसकट प्रिंट कॅमेऱ्याखाली ठेवून दोन्ही बाजूंनी 45 अंशांतून दिवे लावले, आणि दिव्यांवर व लेन्सवर पोलरायझिंग फिल्टर एकमेकांना आडवे बसवले, तेव्हा काचेची चमक गेली. आता खरे नुकसान दिसले. जिथे थर काचेला चिकटला होता तिथे छटा गडद होती, बाकीच्या ठिकाणी फिकट. त्यामुळे कपाळावर नकाशासारखी रेघ उमटली होती. ती घालवणे वेळखाऊ असले तरी अवघड नव्हते. डावा डोळा मात्र अर्धा बुरशीने खाल्लेला होता.

उजवा डोळा उलटा करून तिथे बसवणे पाच मिनिटांचे काम आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तेच केले जाते. मीही तो करून पाहिला. चेहरा सुबक झाला, पण परका झाला, कारण प्रकाश एका बाजूने येत होता आणि उलटवलेल्या डोळ्यातली चमक दुसऱ्याच बाजूला गेली होती. शिवाय कुणाच्याही दोन पापण्या सारख्या नसतात. म्हणून आईचे आणखी फोटो मागवले. ओळखपत्रावरच्या, बऱ्याच नंतरच्या फोटोत डावी पापणी किंचित खाली झुकलेली होती. फोटोत शाबूत राहिलेल्या अर्ध्या भागाशी ती रेषा जुळली, आणि तिच्या आधाराने उरलेला डोळा मी हाताने रंगवला.

मग रंगाचा प्रश्न आला. ईमेलमध्ये स्वेटर हिरवा असल्याचे लिहिले होते. फोटो द्यायला आलेली त्यांची बहीण मात्र तो मरून असल्याचे ठामपणे सांगत होती. फोटोवरून याचा निकाल लागेल, अशी दोघांची समजूत होती. तो लागत नाही. कृष्णधवल फिल्म रंगाची नोंद ठेवत नाही, फक्त उजेड-अंधाराची ठेवते, आणि गडद हिरवी व मरून लोकर अगदी एकाच राखाडीत उतरू शकतात. जुन्या काही फिल्मना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यांच्यावर तो काळाच यायचा, आणि ही फिल्म कोणती होती हे प्रिंटवर कुठेच लिहिलेले नव्हते. बाजूच्या पांढऱ्या कॉलरशी ताडून मी एवढेच म्हणू शकत होते की स्वेटर पिवळा किंवा आकाशी नसावा.

हे मी त्यांना लिहून कळवले आणि काम दोन थरांत ठेवले. खाली दुरुस्त केलेली कृष्णधवल प्रतिमा, आणि वर `Color` मोडमधला रंग, म्हणजे खालच्या छाया-प्रकाशाला धक्का लागत नाही. त्वचेला एकच तपकिरी रंग दिला की चेहरा मातीच्या मुखवट्यासारखा दिसतो. म्हणून कानाच्या पाळ्या आणि गाल थोडे तांबूस केले, आणि डोळ्यांचा पांढरा भाग कॉलरइतका पांढरा होऊ दिला नाही. स्वेटर तेवढा राखाडीच ठेवून नमुना पाठवला.

उत्तर दुसऱ्या दिवशी आले. चेहऱ्याबद्दल त्यात ‘पापणी बरोबर आहे’ एवढेच होते. पुढे लिहिले होते: ‘बहिणीसाठी मरून प्रत काढा, माझ्यासाठी हिरवी.’

दोन्ही प्रती मी काढल्या. मूळ प्रिंट काचेसकट परत केली आणि मागच्या पुठ्ठ्यावर चिठ्ठी लावली: ‘काचेपासून सोडवू नये.’