सॉना, थंड पाण्याचा हौद आणि मनगटावरचं घड्याळ

"माझं डायव्हर घड्याळ २०० मीटरचं आहे. ते घालून सॉनात बसलो आणि तिथून थेट थंड पाण्यात उतरलो, तर वेळ चुकेल का? आत पाणी जाईल का?"

वेळेचं टेन्शन घेऊ नका. पाण्याचं थोडं घ्या. आणि घड्याळाचा सेल बदलून किंवा सर्व्हिसिंग होऊन बरीच वर्षं झाली असतील, तर जरा जास्तच घ्या.

वेळेचा हिशोब आधी संपवतो, कारण तो छोटा आहे. क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि साधारण २५ अंश सेल्सिअसला त्याचा वेग सर्वांत जास्त असतो. तापमान तिथून वर जावो किंवा खाली, तो मंदच होतो. समजा घड्याळ आतून ६० अंशांपर्यंत तापलं. दिवसभर तसंच तापलेलं राहिलं, तर ते साडेतीन सेकंदांच्या आसपास मागे पडेल. पण तुम्ही आत बसता वीसेक मिनिटं. तेवढ्यात होणारा फरक सेकंदाचा विसावा भाग. मेकॅनिकल घड्याळांत एके काळी परिस्थिती खरंच वाईट होती. घड्याळाची लय ठरवणाऱ्या बारीक स्प्रिंगमुळे, म्हणजे हेअरस्प्रिंगमुळे, ती साध्या पोलादाची असली की एका अंशाच्या फरकाला दिवसाला दहाएक सेकंद चुकायचे. निकेल आणि पोलादाच्या मिश्रधातूंवरच्या कामाबद्दल शार्ल एदुआर गियोम यांना १९२० साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्या कामातूनच तापमानाला फारशी दाद न देणाऱ्या स्प्रिंगा आल्या. आज क्रोनोमीटरच्या, म्हणजे अचूकतेचं प्रमाणपत्र देणाऱ्या, चाचणीत घड्याळ ८, २३ आणि ३८ अंशांना तपासतात आणि एका अंशामागे दिवसाला ०.६ सेकंदापेक्षा जास्त फरक चालत नाही. सॉनाच्या वीस मिनिटांना हाच हिशोब लावला, तरी अर्ध्या सेकंदाच्या आतच उत्तर येतं.

म्हणून कोणी मला "सॉनाला जायला लागल्यापासून घड्याळ रोज मागे पडतंय" असं सांगितलं, की मी उष्णतेमुळे चुकलेल्या वेळेचा विचार करत नाही. आत ओल गेली आहे का, किंवा तेल जागेवरून सरकलं आहे का, हे बघतो. उष्णतेनं आलेली चूक घड्याळ थंड झालं की थांबते. रोज मागे पडण्याचं कारण बहुतेक वेळा आतच सापडतं.

आता रबराकडे येऊ. पाणी अडवण्याचं सगळं काम दोन-तीन रबरी रिंगांवर असतं. एक मागच्या झाकणाखाली, एक किंवा दोन चावीच्या नळीत, म्हणजे ज्याला क्राउन म्हणतात तिथे, आणि काचेभोवती एक, ती बहुतेक वेळा प्लास्टिकची. रबरी रिंग बसवताना ती थोडी दाबली जाते. ती पुन्हा फुगायला बघते आणि त्या ताठरपणामुळेच फट बंद राहते. उष्णतेत रबर पोलादाच्या कितीतरी पट जास्त प्रसरण पावतं आणि थंडीत तितकंच जास्त आकसतं. तरुण रिंग हे सहज सोसते. पण वर्षानुवर्षं दाबून राहिलेल्या रिंगची फुगण्याची ताकद संपत जाते, आणि उष्णतेनं ती लवकर संपते. झाकण उघडून बघितलं की कळतं: नवी रिंग चांगली गोल दिसते, थकलेली चौकोनी चपटी. चिमट्यानं उचलली तरी तसाच आकार धरून बसते. अशी रिंग खोलीच्या तापमानात कशीबशी टिकून राहते. गरम घड्याळ एकदम थंड पाण्यात गेलं की धातूचा पृष्ठभाग आधी आकसतो, आतला भाग नंतर, आणि रबर आपल्या वेगानं. त्या काही सेकंदांतच गळती होते.

२०० मीटर हा आकडा इथे फारसा कामाचा नाही. डायव्हर घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ या मानकात तापमानाच्या धक्क्याची चाचणी आहे: ४० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं, मग ५ अंशांत दहा, मग पुन्हा ४० मध्ये दहा, आणि एका भांड्यातून दुसऱ्यात जायला जास्तीत जास्त एक मिनिट. म्हणजे थंडीकडचं टोक तुमच्या हौदासारखंच आहे. गरमीकडचं टोक मात्र ४०. सॉनात हवा ८० ते १०० अंशांची असते. मनगटाकडून घड्याळ थोडं थंड राहतं, पण काचेची बाजू बरीच तापते. तुम्ही करताय ते चाचणीच्या बाहेरचं आहे, एवढंच मानक सांगतं.

दाबाची भीती मात्र लोक उगाच घेतात. २५ अंशांना बंद केलेल्या घड्याळातली हवा ६० अंशांना साधारण बारा टक्के जास्त दाब देते. एवढ्यानं २०० मीटरचं घड्याळ फुटत नाही, ३० मीटरचंही नाही. गोची दुसरीकडे आहे. रिंग जरा ढिली असेल तर तापताना ही जादा हवा बाहेर निसटते. मग तेच घड्याळ १० अंशांच्या पाण्यात गेलं की आत उरलेली हवा आकसते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे पंधरा टक्के कमी होतो. घड्याळ स्वतःच पाणी ओढायला लागतं, जवळजवळ दीड मीटर खोल पाण्यात असल्यासारखं, आणि तेही रिंग सर्वांत कमजोर असताना. बिचारं २०० मीटरचं.

एक घड्याळ आठवतंय. क्वार्ट्झ डायव्हर, पाच-सहा वर्षांचं, मालक नियमित सॉना आणि थंड डुबकीवाला. तक्रार एवढीच की काच सकाळी स्वच्छ असते आणि हौदातून बाहेर आल्यावर तीनच्या बाजूला अर्धचंद्रासारखं धुकं दिसतं, पाच-दहा मिनिटांत जातं. चावी तीनलाच होती, त्यामुळे संशय आधी तिच्यावर गेला. उघडल्यावर दोन गोष्टी दिसल्या. मागची रिंग चपटी होती आणि तिच्यावर सिलिकॉन ग्रीसचा मागमूस नव्हता. मधे कधीतरी सेल बदलताना जुनीच रिंग कोरडी परत बसवली गेली होती. आणि चावीच्या दांडीवर, नळीतून आत शिरते तिथे, तपकिरी ठिपका होता. बोटाच्या नखाएवढासुद्धा नाही, पण गंजच. सर्किटवर अजून काही नव्हतं. रिंगा बदलल्या, दांडी बदलली, ग्रीस लावून प्रेशर टेस्ट केली, घड्याळ पास. आणखी एक हिवाळा गेला असता तर मूव्हमेंटच, म्हणजे आतलं सगळं यंत्रच, बदलावी लागली असती.

प्रेशर टेस्टबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा: ती खोलीच्या तापमानाला होते. पास झालेलं घड्याळ आज, इथे, पाणी अडवतंय एवढाच त्याचा अर्थ. ६० अंशांवरून १० अंशांवर जाताना काय होईल, हे यंत्र सांगत नाही.

आत ओल आहे का हे घरीही बघता येतं, कारण मानकातली चाचणीही साधीच आहे. तिथे घड्याळ ४० ते ४५ अंशांच्या तव्यावर तापवतात, मग काचेवर खोलीच्या तापमानाच्या पाण्याचा एक थेंब ठेवतात, मिनिटभरानं पुसतात आणि आतून धुकं धरलंय का ते बघतात. घरी गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळा, हाताला सहज सोसेल इतपत गरम, त्यावर घड्याळ दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि मग थेंब टाका. पुसल्यावर आतून गोल डाग दिसला तर आत पाण्याची वाफ आहे. नाही दिसला तर आज आत वाफ नाही, रिंगा धडधाकट आहेत असं मात्र त्यातून ठरत नाही.

वाफेच्या खोलीबद्दल कमी विचारतात, खरं तर तिथे जास्त सांभाळायला हवं. कोरड्या सॉनात हवा तापलेली, पण बरीचशी कोरडी. वाफेच्या खोलीत ४०-४५ अंशांना हवा ओलीचिंब. बारीक वाफ जीर्ण रबरातून पाण्याच्या थेंबापेक्षा सहज झिरपते, आणि घड्याळ थंड झालं की तीच काचेच्या आत थेंब होऊन बसते. तापमान कमी म्हणून वाफेची खोली सुरक्षित, हा समज चुकीचा आहे.

मेकॅनिकल घड्याळवाल्यांसाठी एक बारकावा. टिकटिक करणाऱ्या पॅलेट फोर्कचे माणिक आणि बॅलन्सची, म्हणजे पुढे-मागे झुलणाऱ्या चाकाची, इम्पल्स पिन परंपरेनं लाखेनं चिकटवतात, आणि लाख ७५ अंशांच्या पुढे मऊ व्हायला लागते. मनगटावर असताना शरीर घड्याळाला थंड ठेवतं, तेवढं तापत नाही. पण "पट्टा घामानं भिजतोय" म्हणून ते काढून सॉनाच्या वरच्या बाकावर ठेवलं, की ते आतल्या हवेएवढं तापायला निघतं. बाकावर ठेवण्यापेक्षा हातात घालून बसा, आणि त्याहून बरं म्हणजे आत नेऊच नका. क्वार्ट्झचे सेल ६० अंशांच्या पुढे गळू शकतात, एलसीडी तापली की काळी पडते आणि बहुधा थंड झाल्यावर परत येते. स्मार्टवॉचला तर ही मुभाच नाही. अ‍ॅपल आपलं घड्याळ सॉना आणि वाफेच्या खोलीत नेऊ नका असं स्पष्ट सांगतं.

नुसत्या थंडीचं फार वाटून घेऊ नका. बाहीखालचं घड्याळ शून्याखालीही अंगाच्या उबेत असतं. काढून बाहेर ठेवलं तर तेल घट्ट होतं, बॅलन्सचा झोका लहान होतो, घड्याळ वेळ चुकवतं, आणि आत आणलं की सावरतं. फक्त गार घड्याळ उबदार खोलीत आणल्यावर लगेच चावी ओढून वेळ लावायला जाऊ नका. बाहेरच्या धातूवर दव धरलेलं असतं आणि चावी ओढलीत की त्या दवाला वाट मिळते. सॉनातून बाहेर आल्यावरही हाच नियम.

माझा सल्ला विचाराल तर घड्याळ कपडे बदलायच्या खोलीत ठेवा आणि अंग कोरडं झाल्यावर घाला. नाहीच काढायचं असेल तर खालच्या बाकावर बसा, चावी घट्ट आहे ना ते आत जाण्याआधी तपासा, आत असताना कुठलंही बटण दाबू नका, आणि बाहेर आल्यावर थंड हौदात उतरण्याआधी घड्याळ तरी काढून ठेवा. पंधरा-वीस मिनिटं नुसतं पडू दिलं तरी पुरतं. सेल बदलताना रिंगा नव्या टाकायला आणि प्रेशर टेस्ट करायला सांगा. आठवड्याला सॉना असेल तर ही टेस्ट वर्षातून एकदा करून घ्या. चामड्याचा पट्टा मात्र आत नेऊच नका, घाम आणि कोरडी उष्णता मिळून त्याला तडे पाडतात.

आणि धुकं दिसलंच, तर ते आपोआप गेलं म्हणून सोडून देऊ नका. ते आतच कुठेतरी आहे. हेअर ड्रायर नको, उन्हात ठेवणं नको, चावी उघडून "सुकू दे" तर अजिबात नको. तसंच बंद ठेवा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उघडून घ्या. पोलादी दांडीवर गंज चढायला महिने लागत नाहीत, काही दिवस पुरतात.