काऊचं घर इंग्रजीत नेताना : नोंद ५

काऊ-चिऊच्या गोष्टीचा इंग्रजी मसुदा मागच्या नोंदीपर्यंत झाला होता. या पंधरवड्यात तो तपासायला घेतला आणि पहिल्याच दिवशी आमची पद्धत तोंडावर आपटली.

बेत असा होता की मी इंग्रजी करायचं, वर्गातल्या मैत्रिणीने ते परत मराठीत आणायचं आणि मग दोन्ही मराठी मजकूर शेजारी ठेवून काय गळलं ते बघायचं. तिचा कागद आला तो थेट मुळासारखा. चिऊताई, तीट, सगळं जागच्या जागी! मी खूश. मग माझा मसुदा परत वाचला, तर त्यात तीट नव्हतीच, नुसता 'ब्लॅक डॉट' होता, आणि 'ताई' तर मी गाळूनच टाकलं होतं. म्हणजे तिने अनुवाद केलाच नव्हता, तिला गोष्ट आठवली होती. लहानपणी शंभरदा ऐकलेल्या गोष्टीला ही चाचणी लावून उपयोग नाही, एवढं कळलं.

मग तोच मसुदा हॉस्टेलवरच्या केरळच्या मुलीला दिला. तिने ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवून मला सांग, म्हटलं. ती म्हणाली, पावसात बेघर झालेल्या एका गरिबाला खडूस शेजारी दाराबाहेर ताटकळत ठेवतो. ठेवतो! तिच्या डोक्यात चिमणी पुरुष होती.

चूक तिची नव्हती. 'थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते', 'थांब, माझ्या बाळाला तीट लावते' यातलं प्रत्येक क्रियापद 'मी आई आहे' असं सांगत असतं. इंग्रजीत 'आय ॲम बेदिंग माय बेबी' कोणीही म्हणेल. आणि 'वेट' हा एकटा शब्द फार कोरडा पडतो. मराठीत 'थांब'च्या आधी 'चिऊताई चिऊताई, दार उघड' असतं. काऊ नातं लावून हाक मारतो, त्यामुळे उत्तर घरातल्या कामात गुंतलेल्या ताईचं वाटतं. हाक काढली की राहतो तो नुसता नकार. चिऊ तशी जरा आतल्या गाठीची आहेच, पण खडूस ती माझ्या हातून झाली.

दुसऱ्या मसुद्यात 'सिस्टर स्पॅरो' परत आणलं आणि पहिल्याच वाक्यात चिमणीला 'शी' केलं. 'सिस्टर' कानाला थोडं चर्चमधलं लागतं हे मान्य, पण दुसरं काही सुचलं नाही. 'ब्लॅक डॉट' काढून तीट हा शब्द मात्र मराठीच ठेवला आणि पुढे 'दृष्ट लागू नये म्हणून' एवढंच जोडलं. आई बाळाला जपतेय हे त्याशिवाय पोचत नाही.

शेण-मेणावर अजून अडलेय. 'काउ डंग' वाचून ती मुलगी हसली. तिला वाटलं कावळ्याची टिंगल चाललीय. आपल्याकडे शेणाने अंगण सारवतात, त्यामुळे त्यात किळस नाही. गोष्टीला हवं ते एवढंच, की शेण पावसात विरघळतं आणि मेण टिकतं. 'मड' घेतलं तर कारण राहतं, यमक जातं. यमक धरायचं तर घरं कशाची हेच बदलावं लागेल. मी तूर्त कारणाच्या बाजूने आहे, पण मोठ्याने वाचताना ती ओळ लंगडते.

उलट दिशेने लाल कोंबडीची इंग्रजीतली लोककथा घेतली आहे. कोंबडी गहू पेरायला मदत मागते आणि बदक, मांजर, कुत्रा एकामागून एक 'नॉट आय' म्हणतात. इंग्रजीत त्यांचं लिंग कळलं नाही तरी चालतं, मराठीत 'म्हणाला, म्हणाली, म्हणालं' यातलं एक घ्यावंच लागतं. पहिल्या खर्ड्यात मी सहज 'बोका म्हणाला, कुत्रा म्हणाला' लिहीत गेले. वाचलं तर राबणारी एकटी बाई आणि लोळणारे पुरुष, अशी वेगळीच गोष्ट झालेली! तशी ती वाईट नाही, पण मुळात ती नव्हती. मग 'बदक म्हणालं, मांजर म्हणालं, कुत्रं म्हणालं' केलं. आता ते तिघे कामचुकार पोरांसारखे वाटतात आणि कोंबडी आईसारखी. म्हणजे हेही तटस्थ नाहीच. 'मी नाही बुवा' की 'मी नाही बाई' हा प्रश्न मात्र सुटला, आता नुसतं 'मी नाही'.

शेवटी 'देन आय विल डू इट मायसेल्फ'. 'मग मी स्वतः करीन' हे अर्जातल्यासारखं वाटतं. 'मग मीच करते' बरोबर बसतं, फक्त त्या 'च'मध्ये थोडी चरफड येते. पेरणीला ती नको वाटते, भाकरी भाजायच्या वेळेला हवीशी वाटते. पण मुळात ओळ प्रत्येक वेळी तीच आहे, म्हणून सगळीकडे 'मीच'. हो, 'ब्रेड'ची भाकरी केलीय, आणि गव्हाची भाकरी म्हणून मैत्रिणीने आधीच लाल पेन काढलंय.