स्पीड वाढवल्यावर अडलेला स्टरर

सॉसच्या कारखान्यात माझी पहिली पाळी होती. मक्याच्या स्टार्चच्या टाकीवरची मोटर ट्रिप झाल्याचा निरोप आला. जाऊन पाहते तर मशीन चालवणारे मामा मोटरचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीचा नॉब वरच चढवत होते. "मॅडम, सॉसचा पंप असाच अडतो. जोर दिला की सुटतो."

केचपच्या बाबतीत त्यांचं बरोबरच होतं. टोमॅटोच्या गरातले तंतू एकमेकांत अडकून सैल जाळं धरतात, त्यामुळे ठरावीक ताणाखाली केचप हलतच नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर पाइपलाइन घट्ट वाटते ती म्हणूनच. पंप फिरला की जाळं मोडतं आणि केचप पातळ होतं. टूथपेस्टही अशीच: ट्यूब दाबली की वाहते, ब्रशवर मात्र ढिगासारखी राहते.

इथे उलटं चाललं होतं. फ्रिक्वेन्सी १० हर्ट्झवर ठेवली, तर स्टरर आरामात फिरत होता. २५ च्या पुढे नेली की अ‍ॅम्पिअरचा काटा एकदम उडायचा आणि ओव्हरलोड रिले पडायचा. स्टार्च तळाशी बसून घट्ट थर झाला असता, तर वर पातळ पाणी दिसलं असतं आणि हळू फिरवतानाही स्टरर अडला असता. मी मगात थोडं काढून चमचा सावकाश फिरवला. तो सहज फिरला. झटक्यात खुपसला तर थेट अडला.

थंड पाण्यात स्टार्च विरघळत नाही; सूक्ष्म दाणे नुसते तरंगत राहतात. हळू ढवळलं की दाण्यांमधल्या पाण्याच्या थरावरून ते घसरतात. जोरात ढवळलं की तो थर पिळून निघतो, दाणा दाण्याला घासतो आणि त्यांच्या साखळ्या टाकीभर अडकतात. पण त्यासाठी दाणे दाटीनं असावे लागतात. आमच्या कृतीत ५० किलो स्टार्चला १५० लिटर पाणी, म्हणजे वजनानं २५ टक्के. एवढ्या पातळ घोळात असं होत नाही. लॉगशीटवर पाणी १५० लिहिलेलं होतं, पण टाकीची पातळी काही वेगळंच सांगत होती. मीटरच्या आधीचा व्हॉल्व्ह जेमतेम उघडा होता आणि मीटरवर आकडा होता ४०. म्हणजे घोळ ५५ टक्क्यांच्या वर.

१० हर्ट्झवरच उरलेलं ११० लिटर पाणी हळूहळू सोडलं. मग मामांना नॉब पूर्ण फिरवायला सांगितला. काटा शांत होता.

"मग हाच स्टार्च वरच्या गरम केटलमध्ये जोरात ढवळला तरी का अडत नाही?" मामांनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. साधारण ६५ ते ७० अंशांना दाणे पाणी पिऊन फुगतात, फुटू लागतात आणि खळ तयार होते. ती केचपसारखीच वागते, जोर दिला की पातळ होते. आता खालच्या टाकीच्या व्हीएफडीला २० हर्ट्झची मर्यादा लावली आहे; केटलला नाही.