छत्र्या, रिव्हर्स आणि एक ईमेल

आमच्या शाळेसमोरचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचा गडगा. बस वळवायची तर फाटकाच्या तोंडात मागे घ्यावी लागते. पावसाळ्यात त्याच वेळी लहान मुलं डोक्यावर छत्री धरून बाहेर पडतात. छत्रीखालच्या मुलाला बस दिसत नाही आणि पाण्याने ओघळलेल्या आरशात ड्रायव्हरला मूल दिसत नाही.

मी मुख्याध्यापिका बाईंना दोनदा तोंडी सांगितलं होतं. दोन्ही वेळा चार दिवस नीट गेले, मग पुन्हा तेच. तिसऱ्यांदा रात्री रागाने ईमेल लिहायला घेतला. 'निष्काळजीपणा' हा शब्द तीनदा आला होता. सासरे म्हणाले, "बाईंका सांग, पण भांडाक जाव नको." मसुदा तसाच ठेवला आणि दोन आठवडे फक्त वेळा टिपल्या.

त्याचा फार उपयोग झाला. शाळेच्या दहा दिवसांपैकी सहा दिवस मुलं बाहेर असताना बस मागे आली होती, आणि सहाही दिवस ती घंटेनंतर पोचली होती. उरलेल्या चार दिवशी ती आधीच वळून उभी होती. म्हणजे चूक ड्रायव्हरची नव्हती, घंटा आणि बस यांचा क्रम चुकत होता. आधी बालवाडीची फेरी सोडून येते, म्हणून उशीर.

मग ईमेल छोटा झाला. विषयात लिहिलं, 'शाळा सुटताना फाटकाजवळ बस मागे घेणे : विनंती'. आत सहा तारखा-वेळा, त्यानंतर हे:

"बस वळून उभी राहीपर्यंत फाटक बंद ठेवून बसच्या मुलांना पडवीत थांबवता येईल का? बस मागे घेताना मदतनीस खाली उतरून मागे उभा राहावा. चालत जाणारी मुलं मागच्या लहान फाटकाने सोडता येतील. पहिले आठ दिवस तिथे उभं राहायला मी तयार आहे. येत्या शुक्रवारपर्यंत कळवावं, ही विनंती."

राज्याच्या 2011 च्या स्कूलबस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते, पालक प्रतिनिधीही तिच्यात असतो. पहिल्या मसुद्यात मी हे धमकीसारखं घातलं होतं. आता शेवटी एवढंच लिहिलं, की गरज वाटल्यास विषय समितीपुढे ठेवावा. मोबाइलवर एक व्हिडिओ होता, पण त्यात दुसऱ्यांची मुलं दिसत होती. तो जोडला नाही, हवा असल्यास दाखवेन म्हटलं. प्रत फक्त वर्गशिक्षिकेला. पालकांच्या ग्रुपवर टाकला असता तर बाई बचावातच गेल्या असत्या.

गुरुवारी उत्तर आलं. फाटक आणि पडवी मान्य. लहान फाटक नाही, कारण तिकडची पाखाडी शेवाळाने निसरडी असते. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता चालणारी मुलं बस गेल्यावर सुटतात, दहा मिनिटं उशिरा. काही पालक त्यावरून माझ्यावर नाराज आहेत. मदतनीस मुसळधार पावसात अजून कधीकधी उतरत नाही, त्या तारखा मी टिपतेय.