रात्रीचे ठोके वाढले, मग दवाखाना?

"भाऊ, काल रात्री घड्याळात हार्ट रेट 72 दाखवला, एरवी 60 राहते, अन् डीप स्लीप 35 मिनिटंच. दवाखान्यात जाऊ काय?"

एका रात्रीवरून नको. मी डॉक्टर नाही, माझं मोबाइल रिपेरिंगचं दुकान आहे, पण घड्याळं माझ्याचकडे येतात म्हणून सांगतो. डीप स्लीप आधी सोडा. घड्याळ मनगटाची हालचाल आणि ठोके बघून अंदाज बांधतं, खरं मोजायचं तर डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लहरी बघाव्या लागतात. बघायची ती झोपेतली ठोक्यांची रेघ, आणि तीही शेजाऱ्याच्या नाही, आपल्याच मागच्या महिन्याच्या रेघेशी. मधेच एक मिनिट 140 वर उभी उडी नाहीतर रेघच गायब, असं दिसलं तर बहुतेक पट्टा ढिला असतो.

मे महिन्यात पुतण्याच्या लग्नात मी रात्री अकराला मटण खाल्लं, पाणी कमी प्यालो, त्यात लाइट गेली, कूलर बंद. माझे 60 चे 71 झाले, दुसऱ्या रात्री 66, तिसऱ्या रात्री पुन्हा 61. कारण दिसत होतं आणि रेघ आपोआप खाली आली, म्हणून मी काही केलं नाही.

बायकोचं वेगळं झालं. तिला राखीला भावानं घड्याळ दिलं होतं, तेव्हापासून रात्रीचे ठोके 61-63. कापूस वेचणी सुरू झाली आणि 69, 71, 73 असं चढत गेलं ते नऊ रात्री खालीच येईना. ताप नाही, थंडीचे दिवस, जेवण आठच्या आत. मी म्हटलं थकली असशील, तर म्हणते, "थकवा नाही जी, पाण्याचा गुंड उचलला की दम लागते." तिथं मी चमकलो. सकाळी उठायच्या आधी मनगटावर बोटं ठेवून तीस सेकंद मोजले, 38 आले, म्हणजे मिनिटाला 76. घड्याळ खोटं बोलत नव्हतं.

महिन्याचा ग्राफ घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. मी आपला डीप स्लीपचं पान दाखवतोय, मॅडमनी ते बघितलंच नाही, तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढली आणि पाळीत किती जातं ते विचारलं. हिमोग्लोबिन 7.8 निघालं, बाईला 12 च्या वर पाहिजे. रक्त कमी असलं की तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदयाला जास्त धावावं लागतं, झोपेतही.

पण छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलं, बसल्याबसल्या धाप लागली किंवा शांत बसूनही ठोके शंभराच्या वरच राहिले, तर नऊ रात्री मोजत बसू नका, त्याच दिवशी जा, आणि ग्राफ साधा दिसतोय म्हणून थांबू तर बिलकुल नका, हार्ट अटॅक या घड्याळाला ओळखता येत नाही.

बायकोच्या लोहाच्या गोळ्या चालू आहेत, पाळीचाही इलाज सुरू आहे. अडीच महिन्यांनी रेघ 64 वर आली, गुंड मात्र अजून मीच उचलतो.