डिफरन्शियल पेअरचा सीएमआरआर मोजताना माझा अनुभव: अडलं ते टेलच्या रिपलपाशी

दोन BC547, प्रत्येकाच्या कलेक्टरला 10 किलोओहम, सप्लाय ±12 व्होल्ट आणि एमिटरच्या सामाईक टोकाखाली तिसऱ्या BC547 चा 1 मिलिअँपचा करंट सोर्स, म्हणजेच टेल. डिफरन्शियल गेन मिळायला फारसा वेळ लागला नाही. प्रत्येक बाजूला 0.5 मिलिअँप, म्हणून `gm = 0.5 mA / 26 mV`, म्हणजे साधारण 19 mS. एकाच कलेक्टरवरून आउटपुट घेतलं की गेन `gm × RC / 2`, म्हणजे 96 च्या आसपास. ट्रान्झिस्टरचा स्वतःचा ro धरला तर तो 90 कडे उतरतो आणि स्कोपवरही तेवढाच दिसला. फक्त इनपुट 10 मिलिव्होल्ट पीक-टू-पीकच्या आत ठेवायचं, नाहीतर साइनची टोकं गोलावतात. जनरेटर इतकं कमी नीट देत नसेल, तर 10 किलोओहम आणि 100 ओहमचा विभाजक लावून शंभरपट खाली आणा.

खरी डोकेदुखी कॉमन मोडची. दोन्ही बेस एकत्र जोडून त्यांना 1 व्होल्ट दिला, आणि कलेक्टरवर 6-7 मिलिव्होल्ट दिसले. या आकड्यावरून सीएमआरआर, म्हणजे डिफरन्शियल गेन भागिले कॉमन मोड गेन, 83 डीबीच्या आसपास येतो. गणित मात्र वेगळंच सांगत होतं. टेलच्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरला 2.2 किलोओहम आहे, त्यामुळे त्याचा आउटपुट रेझिस्टन्स जवळपास 3 मेगाओहम येतो. मग कॉमन मोड गेन `RC / (2 × Rtail)`, म्हणजे 0.0017. एका व्होल्टला 1.7 मिलिव्होल्ट, सीएमआरआर 95 डीबी. तुलनेला, टेलमध्ये नुसता 11 किलोओहमचा रेझिस्टर असता तर 46-47 डीबी. म्हणजे सोर्स काम करत होता, तरी आकडा तिप्पट-चौपट चुकत होता.

मी आधी ट्रान्झिस्टर बदलले, कलेक्टरचे रेझिस्टर मोजून जोडीने लावले. काही फरक नाही. उत्तर मिळालं ते जनरेटर बंद केल्यावर: इनपुट शून्य, आणि कलेक्टरवर 5.6 मिलिव्होल्ट तसेच! ते 100 हर्ट्झचं होतं, म्हणजे सप्लायचं रिपल. मी मोजत होतो ते बहुतांशी हेच.

हे कुठून येतं ते बघा. सोर्सच्या बेसला ग्राउंडकडून 8.2 आणि निगेटिव्ह रेलकडे 2.7 किलोओहमचा विभाजक होता. निगेटिव्ह रेल 10 मिलिव्होल्टने हलली की एमिटर रेझिस्टरचं खालचं टोक पूर्ण हलतं, बेस मात्र तीन-चतुर्थांशच. उरलेले अडीच मिलिव्होल्ट 2.2 किलोओहमवर पडतात, टेलचा करंट 1.1 मायक्रोअँप हलतो, त्यातला अर्धा एका बाजूने 10 किलोओहममधून जातो आणि कलेक्टरवर 5.6 मिलिव्होल्ट उभे राहतात. टेलचा आउटपुट रेझिस्टन्स कितीही चांगला असला तरी इथे त्याचा उपयोग नाही, कारण करंट इनपुटमुळे नाही, रेफरन्समुळे हलतोय. पॉझिटिव्ह रेलचं रिपल तर कलेक्टरवर जवळजवळ जसंच्या तसं उतरतं. म्हणून तीही आधी स्कोपवर बघा.

उपाय साधा आहे. 2.7 किलोओहमच्या जागी लाल एलईडी, ग्राउंडकडून 4.7 किलोओहम आणि एमिटरला 1.2 किलोओहम. एलईडीचे 1.8 व्होल्ट वजा बेस-एमिटरचे 0.65, उरतात 1.15, म्हणजे जवळपास 1 मिलिअँप. एलईडीचा डायनॅमिक रेझिस्टन्स दहा-वीस ओहमचा, त्यामुळे रेल हलली की बेसही तिच्याबरोबर जवळपास तितकाच हलतो आणि रिपल तीसपटीहून जास्त खाली जातं. आउटपुट रेझिस्टन्स थोडा कमी, 2.3 मेगाओहमच्या आसपास, होतो. तो तोटा मी आनंदाने घेतला.

मोजतानाही इनपुट 1 व्होल्टवर ठेवू नका. कलेक्टर 7 व्होल्टवर असेल तर 8 व्होल्ट पीक-टू-पीक सहज चालतं, आणि सिग्नल त्याच प्रमाणात मोठा दिसतो. वारंवारता 130 हर्ट्झसारखी, 50 च्या पटीत नसलेली घ्या, ट्रिगर जनरेटरच्या सिंकवर ठेवून स्कोप ॲव्हरेजिंगवर टाका, म्हणजे उरलंसुरलं रिपलही पुसलं जातं. उंच वारंवारतेवर मोजून नाराज होऊ नका: टेलच्या टोकाशी ब्रेडबोर्ड धरून 10 पिकोफॅरड असले तर 3 मेगाओहमबरोबर 5 किलोहर्ट्झपासूनच सीएमआरआर उतरायला लागतो, 50 किलोहर्ट्झला 20 डीबी गेलेला असतो.

हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं: मोजण्याआधी दोन्ही कलेक्टरचे डीसी व्होल्टेज बघा. सुट्या BC547 मध्ये बेस-एमिटरचा 10 मिलिव्होल्टचा फरक असला तर करंट 0.6 आणि 0.4 असा वाटला जातो, एक कलेक्टर 6 व्होल्टवर आणि दुसरा 8 वर. तो जुळवायला एमिटरमध्ये 100 ओहमचा प्रीसेट घालण्याचा मोह होतो. पण मधोमध ठेवल्यावर प्रत्येक बाजूला 50 ओहम येतात, `1/gm` सुद्धा 52 ओहमच, म्हणजे गेन सरळ अर्धा. त्याऐवजी पाच-सहा ट्रान्झिस्टरमधून जोडी निवडा आणि त्यांच्या सपाट बाजू एकमेकांना चिकटवून बांधा. एकाला बोट लावून बघा: एका अंशाला 2 मिलिव्होल्ट, गुणिले 90, आणि कलेक्टर 0.18 व्होल्ट सरकलेला डोळ्यांसमोर दिसतो.